शिल्लक कॉफीची जमाबंदी

घरात कॉफी किती करावी, याचा निर्णय आलेल्या पाहुण्यांकडे पाहून होत नसून न आलेल्या पाहुण्यांच्या धास्तीने होत असतो. आणि ‘ऐनवेळी कमी पडली तर काय?’ या प्रश्नाने आमच्या गृहस्थाश्रमावर जी हुकमत गाजविली आहे, तिचा प्रत्यक्ष पुरावा पाहावयाचा असेल, तर रविवारी सकाळी मंडळी उठून गेल्यानंतर कोणत्याही सुखवस्तू घराच्या ओट्यावर जाऊन कॉफीच्या भांड्यात डोकावावे. भांडे निम्मे भरलेले असते. ते ओतून द्यावयाचे धैर्य कोणाला होत नाही आणि ते पिऊन टाकण्याची कोणाची छाती होत नाही.

महसूल खात्यातून सन्मानपूर्वक निवृत्त झालेले आमचे एक पुणेकर स्नेही आहेत. शेतसारा वसूल करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना शिल्लक ही वस्तू स्वस्थ बसू देत नाही. चिरंजीवांनी अमेरिकेहून धाडलेले कॉफीचे विजेचे यंत्र त्यांच्या ओट्यावर विराजमान झाल्यापासून तर या शिलकेला त्यांनी रीतसर खातेच उघडले आहे. यंत्र साधे आहे: वरून उकळते पाणी कागदी गाळणीतल्या भुकटीवर ठिबकते, खाली काचेच्या भांड्यात कॉफी साठते, आणि ते भांडे ज्या तापत्या थाळीवर बसलेले असते ती थाळी, बटण बंद करीपर्यंत, त्याला शेकीत राहते. आमचे स्नेही थाळीच्या या सेवाभावाचे मोठे कौतुक करीत असत.

गेल्या रविवारी त्यांनी सहा जणांचा अंदाज बांधून नऊशे मिलिलिटर पाण्याला चौपन्न ग्रॅम भुकटी घातली. प्रमाण निर्दोष होते, कारण लिटरला साठ ग्रॅमच्या आसपास भुकटी हाच जाणकारांचा शिरस्ता आहे. भुकटीने आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी चोथ्यातच दडपून ठेवले, ही नैसर्गिक घट मान्य करूनही भांड्यात सातशे नव्वद मिलिलिटर कॉफी उतरली. सहापैकी तिघेच आले. प्रत्येकी दीडशेचा एकेक पेला त्यांनी घेतला. आणि बाकी तीनशे चाळीस मिलिलिटर थाळीवर तशीच शेकत राहिली. मंडळी राजकारणावर बोलत बसली ती दोन तास. त्यानंतर स्नेह्यांना बचतीची आठवण झाली व त्यांनी बर्फाचे साचे मागविले.

इथे कॉफीचा पंचनामा करणे अवश्य आहे. या दोन तासांत त्या कॉफीचे जे व्हावयाचे होते ते होऊन गेले होते. कॉफीचा सुगंध ज्या चंचल द्रव्यांचा बनलेला असतो ती उष्णतेने उडून जातात, पाण्याचा काही अंश वाफ होऊन उरलेला अर्क जाडसर होतो, आणि त्याहून गंभीर बाब म्हणजे कॉफीतील क्लोरोजेनिक अम्ल व त्याचे भाईबंद उष्णतेत विघटित होत जाऊन क्विनिक अम्लाचे प्रमाण वाढत राहते, ज्यामुळे घशाशी एक आंबट-कडवट, करपट ओरखडा उमटतो. हा ओरखडा साखरेने झाकत नाही, दुधाने निवत नाही, आणि गोठवल्याने तर मुळीच जात नाही. कारण बर्फाचा कप्पा हे अपिलाचे न्यायालय नव्हे. तिथे आरोपी ज्या अवस्थेत दाखल होतो, त्याच अवस्थेत, किंबहुना थोडा अधिक निस्तेज होऊन, सुटतो. परंतु आमच्या स्नेह्यांची श्रद्धा अशी की, एकदा गोठली की कॉफीची मागील थकबाकी माफ होते.

त्यांनी साचे भरावयास घेतले. घरगुती साच्याचा एक खण साधारण पंचवीस मिलिलिटरचा असतो. म्हणजे तीनशे चाळीसला तेरा खण भरून चौदाव्यात निम्म्याहून किंचित अधिक ऐवज शिल्लक राहिला, आणि या अपुऱ्या खड्याची नोंद पूर्ण खडा म्हणून करावी की नाही, या मुद्द्यावर पती-पत्नींत अर्धा तास मतभेद झाला. “अहो, ओता ते सगळे एकदाचे,” असे वहिनींनी सुचविले. ‘सगळे’ म्हणजे मोरीत, हे स्नेह्यांच्या ध्यानात आले नाही. त्यांनी खण काठोकाठ भरले. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, हा पदार्थविज्ञानाचा नियम महसुली नियमावलीत नसल्यामुळे सकाळी भरलेले तेराही खडे वरून एकजीव होऊन एका तपकिरी फरशीच्या रूपाने बाहेर निघाले. शिवाय साचा उघडाच ठेवलेला असल्याने, शेजारच्या पुडक्यातील सुक्या बोंबलांनी रात्रभरात आपला परिमल त्या फरशीस उदारपणे बहाल केला होता.

वास्तविक ही युक्ती मुळात टाकाऊ नाही, आणि नेटकेपणे केली तर तिच्याइतकी सुलभ युक्ती दुसरी नाही, हे आम्ही निःसंकोचपणे नमूद करतो. पेले भरून होताच, फार तर अर्ध्या तासात, उरलेली कोरी कॉफी थाळीवरून काढून थंड भांड्यात ओतावी. साखर हवी असल्यास ती गरम असतानाच विरघळवून घ्यावी, कारण थंड दुधात साखर तळाशी बसून राहते. निवल्यावर खण पाऊण भरावे, वर झाकण अथवा कागद घालावा, आणि गोठल्यावर खडे घट्ट झाकणाच्या डब्यात काढून त्यावर तारीख लिहावी. पंधरवडाभर चव ठीक राहते. पुढे ते नासत नाहीत, पण निरस होत जातात. असे चार खडे, म्हणजे पंचाहत्तर मिलिलिटर, दीडशे मिलिलिटर गार दुधात टाकले, तर खडे जसजसे वितळतात तसतसे पेय पाणचट न होता उलट गडद होत जाते. साध्या बर्फाची उन्हाळी कॉफीशी जी जुनी दुष्मनी आहे ती येथे संपुष्टात येते.

खडा उजेडात धरून पाहिला तर एक मौज दिसते. त्याच्या कडा फिक्या, जवळजवळ निवळ असतात आणि मधोमध काळसर गाभा असतो, कारण पाणी कडेकडून प्रथम गोठत येते व कॉफीचा अर्क आत ढकलत नेते. वितळताना मात्र क्रम उलटतो: अर्क आधी सुटतो आणि शेवटी उरतो तो बेचव बर्फाचा तुकडा. तेव्हा खडे पूर्ण वितळण्याची वाट पाहणाऱ्याने पेला चमच्याने हलवीत राहावा, आणि पहिल्या दोन घोटांवरून ‘फारच कडक झाली’ असा निर्णय घाईने देऊ नये.

दुधाच्या कॉफीचा कायदा अगदी निराळा आहे. आपल्याकडे जायफळ उगाळून घातलेली, दूध-साखरेत उकळलेली जी कॉफी पाहुण्यापुढे येते, तिला साच्यात घालणाऱ्याने परिणामांस स्वतः जबाबदार राहावे. गोठल्यावर तिच्यातील स्निग्धांश वेगळा होऊन वितळताना कणीदार थर दिसतो, आणि दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिली असल्यास तर, विशेषतः चैत्र-वैशाखात, चवीचा प्रश्नच उरत नाही, पोटाचा उरतो. ती ताजी असतानाच संपवावी किंवा सोडून द्यावी. मधला मार्ग नाही.

दक्षिणी पितळी फिल्टरातला डिकॉक्शन मात्र या कामी फार उपयोगी पडतो, कारण तो मुळातच दाट असतो व एक खडा दुधाच्या पेल्याला पुरतो. चिकोरी मिसळलेली असली तरी हरकत नाही. तिचा रंग आणि कडवटपणा थंडीलाही दाद देत नाहीत.

खड्यांचा कंटाळा आला तर जेली आहे. जपानात कॉफीची जेली उपाहारगृहांतून सर्रास मिळते, आणि त्यासाठी लागणारी वस्तू आपल्या वाण्याकडे चायना ग्रास या नावाने असतेच. अर्ध्या लिटरला पाच ग्रॅम पुरते. पट्ट्या भिजवून थोड्या पाण्यात उकळाव्या, एकही धागा दिसेनासा झाला की त्यात साखर घातलेली कोमट कॉफी ओतावी. थंडगार ओतली तर गुठळ्या होतात. तिची खुबी अशी की चाळीस अंशांच्या खाली येताच ती बर्फाविना ओट्यावरच घट्ट होते आणि एकदा घट्ट झाली की पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापविल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे वीज गेलेल्या घरातही तिची अब्रू राहते. सिसिलीकडील मंडळी साखर घातलेली कॉफी पसरट भांड्यात गोठवून दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडतात. तेही चांगले, पण त्याला अर्धा दिवस मोकळा असलेला मनुष्य लागतो. निवृत्तांसाठी हे शिफारसपात्र आहे.

उरलेली कॉफी झाडांना घालण्याचा सल्ला मात्र आम्ही देत नाही. कॅफीन हे कॉफीच्या झाडाने इतरांना वाढू न देण्यासाठीही वापरलेले अस्त्र आहे. रोपांच्या मुळाशी ते ओतणारा गृहस्थ आपल्या कुंडीवर दरोडा घालीत असतो, आणि साखर घातलेली असल्यास मुंग्यांना आमंत्रणही देत असतो.

हिशेबाची रुजवात उरली. भुकटी किलोला हजार रुपये धरली, तर चौपन्न ग्रॅमचे चौपन्न रुपये, आणि उरलेल्या भागावर त्यातले सुमारे तेवीस. हे तेवीस रुपये वाचविण्यासाठी आमच्या स्नेह्यांनी मऊ रबरी साच्यांची एक जोडी साडेतीनशे रुपयांस खरेदी केली, ज्यात आता कॉफीबरोबर बोंबलाचाही वास कायमचा मुरला आहे. त्याच पैशांत एक बरा थर्मास आला असता. गरम पाण्याने आधी खंगाळून त्यात कॉफी ताबडतोब ओतून ठेवली असती, तर थाळीच्या शेकापासून ती बचावली असती आणि राजकारण संपेपर्यंत तिघांपैकी दोघांना दुसरा पेला मिळाला असता, साच्यांची गरजच पडली नसती. ही सूचना आम्ही त्यांना केली; त्यांनी ती ‘विचाराधीन’ म्हणून बारनिशीत नोंदवून घेतली.

येत्या रविवारी त्यांनी आठ जणांचा अंदाज बांधला आहे. ज्यांना निमंत्रण आहे त्यांनी शक्यतो यावेच; आणि न येणे अपरिहार्य असल्यास निदान शनिवारी रात्रीपर्यंत तसे कळवावे, म्हणजे पाणी मोजण्यापूर्वी ते त्यांच्या कानावर पडेल.