१०३ पायऱ्यांचा परदेश

लोक स्वित्झर्लंडला जाऊन येतात आणि तिथल्या बर्फावर पंधरा पानं लिहितात. मी पर्वतीला जाऊन आलो. सदाशिव पेठेत राहणाऱ्या माणसाचं पर्वतीला जाणं हा काय प्रवास झाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नीट आजारी पडून पाहावं. खाटेपासून न्हाणीघरापर्यंतचा रस्ता किती दुर्गम असतो, मध्ये खुर्चीचं एक विश्रामगृह असणं किती सोयीचं असतं आणि उंबरठा ही चढण कशी असते, हे त्यांना आपोआप कळेल. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. त्या हिशेबानं मी परदेशीच जाऊन आलो.

आजाराबद्दल जेवढं सांगायचं तेवढं इथेच सांगून टाकतो. मी आजारी होतो. बऱ्यापैकी होतो. आता बरा होतो आहे, पण पूर्ण झालेलो नाही. माहिती संपली. एवढ्यावर आमच्या वाड्यातल्या कुणाचंही समाधान झालेलं नाही. शेजारच्या काकूंनी तर फाईल वाचायला मागितली होती, चष्म्यासकट आल्या होत्या. त्यांना मी दिवाळी अंक दिला.

पर्वतीचा बेत मी जाहीर केला तेव्हा घरात शांतता पसरली. फिजिओथेरपिस्ट मुलगी मात्र हरखली नाही आणि दचकलीही नाही. तिनं विचारलं, "काका, घराचा एक जिना चढून गेलात की दुसऱ्या दिवशी कसं वाटतं?" मी म्हणालो, "त्याच दिवशी छान वाटतं." ती म्हणाली, "त्या दिवसाचं मी विचारलंच नाही."

तिचं सगळं शास्त्र या एका वाक्यात होतं. आजारातून उठलेल्या शरीराचा दमणुकीचा हिशेब उधारीवर चालतो. आज उत्साहात जास्त चाललात तर बिल आज येत नाही. उद्या येतं, कधीकधी परवा येतं, आणि मग माणूस दोन दिवस आडवा. तो उठला की पुन्हा उत्साह, पुन्हा बिल. म्हणून तिनं नियम घातला होता की कुठलंही नवं अंतर चाललो की पुढचे दोन दिवस पाहायचे. ते नेहमीसारखे गेले तरच अंतर वाढवायचं, तेही थोडंसं. दोन दिवसांत पाय जड झाले, झोप उडाली किंवा दुपारी विनाकारण गळून गेल्यासारखं वाटलं, तर एक पायरी मागे यायचं. या पद्धतीनं मी आधी घराचा जिना, मग गल्लीचं टोक, मग सारसबागेची सपाट फेरी अशी बढती मिळवत गेलो होतो. सरकारी नोकरीतही इतक्या सावकाश बढती मिळत नाही.

तिनं मला एक आकड्यांचा तक्ताही दिला होता. गुन्नर बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचा. माणसाला किती दम लागतोय हे त्याचं त्यानंच आकड्यात सांगायचं. आता गंमत अशी की हा तक्ता शून्यापासून सुरू होत नाही, एकापासूनही नाही. तो ६ पासून सुरू होतो आणि २० वर संपतो. मी पुणेकर, मी कारण विचारलंच. कारण असं की आकड्यापुढे एक शून्य लावलं की निरोगी तरुण माणसाच्या नाडीचे मिनिटाचे ठोके साधारण कळतात. ६ म्हणजे स्वस्थ बसलेला, साठ ठोके. मी निरोगीही नाही आणि तरुणही नाही, असं मी तिच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, "म्हणूनच ठोके मोजू नका. तुम्ही फक्त आकडा सांगा. ११ ते १३ मध्ये राहायचं. १३ च्या पुढे गेलात की बसायचं."

तक्ता खिशात विसरला तर दुसरी सोपी परीक्षा होती. चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे श्रम मध्यम आणि ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे थांबा. यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "ही परीक्षा यांना लागू नाही हो. हे बेशुद्धीतसुद्धा पूर्ण वाक्यं बोलतात."

निघायचा दिवस उजाडला. पाण्याची बाटली, टोपी, राजगिऱ्याची वडी, फोन आणि सौ., असा लवाजमा निघाला. रिक्षावाल्यानं ‘पर्वती पायथा’ ऐकलं आणि म्हणाला, "काका, एवढंसंच तर आहे. चालत गेलात तर तब्येतीला बरं." ज्या वाक्यावर मी डॉक्टरांकडे इतके पैसे घातले ते हा फुकट देत होता. शेवटी सौ.नी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. रिक्षा सुरू झाली.

पर्वतीच्या पायऱ्या दगडी, रुंद आणि ऐसपैस आहेत. हत्ती-घोड्यांना चढता यावं म्हणून त्या तशा केल्या, असं म्हणतात. हत्तीचं माहीत नाही, पण माझ्यासारख्याला एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, थोडं घुटमळून, आजूबाजूचं निसर्गसौंदर्य न्याहाळल्याचा आव आणता येतो. ही सोय कुठल्याही आधुनिक जिन्यात नाही.

मी ठरल्याप्रमाणे चढू लागलो. श्वास नाकानं आत, ओठ मिटत आणून हळूहळू बाहेर, आणि पाय उचलायचा तो श्वास सोडताना. वीस पायऱ्या झाल्या की दम लागो न लागो, बसायचं. यातलं ‘न लागो’ हे महत्त्वाचं. थकून बसलं की उठायला दुप्पट वेळ लागतो. थकण्याआधी बसलं की तोच माणूस वरपर्यंत पोचतो. पण सकाळी साडेसहाला पर्वतीवर, ताजातवाना दिसत असताना, कठड्याशी बसणं याला धैर्य लागतं. कारण तिथे रोजचे लोक असतात.

रोजचे लोक म्हणजे पर्वतीचे खरे मालक. एक आजोबा, वय ऐंशीच्या अलीकडे नक्की नाही, मला ओलांडून वर गेले. मी दुसऱ्या मुक्कामावर पोचेपर्यंत ते खाली येऊन परत वर निघाले होते. म्हणाले, "पहिल्यांदाच का?"

"नाही, पुन्हा पहिल्यांदा."

"दम तोडायचा असतो. बसायचं नाही. बसलात की संपलात." एवढं बोलून ते गेले. निरोगी माणसाला हा सल्ला ठीकच आहे. मी तो मानला असता तर परवापर्यंत संपलोच असतो. मी खिशातला तक्ता काढून पाहिला. १२. बसून राहिलो.

तिसऱ्या मुक्कामावर एक बाई शेजारी टेकल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आजारी होतात वाटतं? नक्की काय झालं होतं?" इथे मला पेशवे आठवले.

या टेकडीची आख्यायिका अशी सांगतात. नानासाहेब पेशव्यांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाला व्याधी जडली. पर्वती गावच्या देवीला नवस बोला, असं कुणीतरी सुचवलं. नवस बोलला, पाय बरा झाला, आणि नानासाहेबांनी टेकडीवर देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं. देऊळ १७४९ च्या सुमाराचं. म्हणजे आख्यायिका खरी धरली तर हे सबंध देवस्थान एका बऱ्या झालेल्या पायाचं स्मारक आहे. आता पाय बरा झाला याचा आनंद १०३ पायऱ्या बांधून साजरा करणं हे मला जरा कठोर वाटतं. पण त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. गेली पावणेतीनशे वर्षं लोक ही कथा सांगतात आणि त्यात पायाला नेमकं काय झालं होतं याचा धड पत्ता नाही. दुखत होतं, बरं झालं, देऊळ बांधलं. कुणाचं काही अडलं नाही.

मी त्या बाईंना म्हणालो, "पायाला काहीतरी झालं होतं म्हणा ना." त्या म्हणाल्या, "अगंबाई, माझ्या जावेलाही अगदी तेच!"

शेवटच्या टप्प्याला आकडा १३ च्या पुढे गेला. पाच-सात पायऱ्या राहिल्या होत्या, सौ. वर पोचून हात हलवत होत्या, आणि माणसाला अशा वेळी वाटतं की आता एवढ्यासाठी काय थांबायचं. नेमकं तिथेच थांबायचं असतं. छातीत दुखलं, गरगरलं किंवा ठोका चुकल्यासारखा झाला तर मुक्काम नव्हे, मोहीमच रद्द करून डॉक्टरांना फोन, हेही ठरलेलं होतं. तसं काही नव्हतं. नुसता दम होता. मी बसलो, आकडा ११ वर येऊ दिला आणि मग वर गेलो.

वरून अर्धं पुणं दिसतं. खाली सारसबाग, नैर्ऋत्येला सिंहगड. १८१७ साली खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावानं इथूनच पाहिली. इथला इतिहास दुखणेकऱ्याला फारसा धीर देणारा नाही. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब १७६१ साली इथेच वारले, ती जागा दाखवायला एक उत्साही गृहस्थ पुढे आले. सौ.नी त्यांना परस्पर वाटेला लावलं. देवदर्शन घेतलं, वडी खाल्ली. मला फार आनंद झाला होता आणि रडू येत होतं. मी ते टोपीवर ढकललं. टोपी डोळ्यांवर आली होती.

प्रवासवर्णनं शिखरावर संपवायची पद्धत आहे, पण शिखर म्हणजे अर्धाच रस्ता. उतरताना दम लागत नाही, म्हणून लोक फसतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना अंगाचा सगळा भार झेलतात, आणि अंथरुणात पडून राहिल्यावर सगळ्यात आधी वितळतात ते हेच पायांचे स्नायू. निम्म्यावर माझे गुडघे थरथरू लागले. मी कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणत उतरलो. ते आजोबा पुन्हा भेटले. म्हणाले, "उतार तर सोपा असतो." मी पूर्ण वाक्य बोलू शकत होतो, पण ते इथे छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या. ते चालतं, ते स्नायूंचं दुखणं. तिसऱ्या दिवशी दुपारी तासभर गळाल्यासारखं झालं, मी झोपलो आणि संध्याकाळी उठून चहा केला. फिजिओथेरपिस्ट मुलीला हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं आणि लगेच सिंहगडाचं विचारलं. तिनं सिंहगड खोडून पर्वतीच लिहून दिली: अर्ध्यापर्यंत, आठवड्यातून दोनदा, आणि मध्ये किमान दोन दिवस सोडून.