विषय : पाऊस आल्याबाबत

‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, चालू हंगामात अनपेक्षितपणे पाऊस आल्याने, तसेच बाजारात रेती अचानक उपलब्ध नसल्याने, आपल्या घराचे काम पूर्ण करण्यास नव्वद दिवसांची मुदतवाढ मिळावी. यात आमचा कोणताही दोष नाही. कळावे, लोभ असावा.’

पोळ्याच्या करीला ही नोटीस आमच्या शेजारच्या काकाजींच्या मोबाइलवर येऊन पडली. खाली ठेकेदाराचा गोल शिक्का. शिक्का इतका ठसठशीत, की एवढं काँक्रीट प्लिंथमध्ये पडलं असतं तर काकाजींनी तक्रारच केली नसती.

‘अनपेक्षितपणे’ या शब्दावर मी थांबलो. आमचा वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात. त्या आधीही इथं जून-जुलैत पाऊस पडत असे, असं जुनी माणसं सांगतात. पण आपल्याकडे पाऊस पडला की नाही, हे आभाळावर कधी ठरतच नाही. ते कोण विचारतो यावर ठरतं. सोयाबीनवाल्यानं विम्याचा दावा केला की कंपनीच्या कागदावर पाऊस अगदी बेतानं, पिकाला मानवेल असाच पडलेला असतो. त्याच महसूल मंडळात, त्याच आठवड्यात, ठेकेदाराच्या कागदावर ढगफुटी झालेली असते. या दोघांना एकदा तहसीलच्या आवारात समोरासमोर बसवावं आणि पावसाचा निकाल लावून टाकावा, अशी माझी फार इच्छा आहे.

ठेकेदाराचं दुर्दैव एवढंच, की काकाजी हे निवृत्त पटवारी. म्हणजे तलाठी. म्हणजे ज्यांना सरकार आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतं, पण गाव अजून पटवारीच म्हणतं. उभी हयात या माणसानं दोन गोष्टींचे कागद रंगवले : पाऊस किती पडला आणि रेती कुठून कुठं गेली. अख्ख्या तालुक्यात हीच दोन कारणं सांगू नयेत असा एकच माणूस होता, आणि नोटीस नेमकी त्यालाच गेली.

काकाजींनी चष्मा लावला आणि पेटीतून करारनामा काढला. हजार चौरस फुटांचं घर, काम साहित्यासह, सुरुवात 1 मार्च, घराचा ताबा 30 सप्टेंबर. ‘साहित्यासह’ या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली. ठेका नुसत्या मजुरीचा असता तर रेती आणून देणं घरमालकाच्या गळ्यात असतं, आणि रेती नाही म्हणून मिस्त्री बसून राहिला तर ते दिवस घरमालकाच्याच खात्यावर पडले असते. साहित्यासह ठेक्यात रेती शोधणं हे ठेकेदाराचंच काम. त्याचेच तर तो पैसे घेतो. नोटिशीत ही गोष्ट सोयीनं वगळलेली होती.

मग पाऊस. काकाजींकडे डायरी होती. पटवारी निवृत्त होतो, डायरी होत नाही. त्यात रोजचा पाऊस आणि रोज कामावर आलेली माणसं, दोन्ही लिहिलेलं. त्यांचं म्हणणं असं, की पावसानं काम थांबलं म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा : कोणतं काम? पायाचे खड्डे खोदायचे असते तर आपल्या काळ्या मातीत पाऊस खरोखरच काळ ठरतो. खड्ड्यात पाणी साचतं, कडा ढासळतात, तळाची माती फुगते. चिखलावर काँक्रीट ओतण्यापेक्षा थांबलेलं बरं. स्लॅब टाकायच्या दिवशी सर आली तर वरचं सिमेंट वाहून जातं, तेव्हाही थांबावंच लागतं. बाहेरचं प्लास्टर आणि रंगही पावसात होत नाही.

पण या घराचा पाया एप्रिलमध्येच झालेला. स्लॅब पडला 28 मेला. खालचे टेकू दोन आठवड्यांनी, 11 जूनला निघाले. नंतर जो पाऊस आला तो स्लॅबवर पडला, म्हणजे ज्या पाण्यासाठी ठेकेदार एरवी टँकरचं बिल लावतो ते फुकटात मिळालं. आणि खाली, डोक्यावर पक्कं छत असताना, काय काम उरलं होतं? विटांचं बांधकाम, भिंतीतले विजेचे पाइप, आतलं प्लास्टर, फरशी. जून, जुलै आणि ऑगस्टची निम्मी कामं छताखालची. त्या छतातून पाऊस आत येत असेल, तर मुदतवाढ मागायच्या आधी ठेकेदारानं वेगळाच खुलासा द्यायला हवा.

तरी काकाजी न्यायी माणूस. प्लॉट नव्या लेआउटमध्ये, रस्ता अजून मातीचा. दोन दिवस झड लागली की विटांचा ट्रक तिकडे वळतसुद्धा नाही. वळलाच तर ट्रॅक्टर लावून ओढावा लागतो. असे दिवस त्यांनी डायरीतून वेचून काढले. गाडी आत येऊ शकली नाही आणि जागेवरचा माल संपलेला होता, असे दोन्ही मिळून चौदा दिवस निघाले. ते त्यांनी बिनतक्रार मान्य केले.

उरलेल्या दिवसांची नोंद मात्र गमतीची होती. पेरणीच्या आठवड्यात कामावर दोन माणसं. निंदणाच्या दिवसांत एकही रेजा नाही. पोळ्याच्या आधीचे तीन दिवस मिस्त्रीसुद्धा गायब. यात मजुरांची चूक नाही. ज्याची दोन एकर आहे तो आधी आपलं वावर पाहणार, आणि ज्याची नाही त्याला निंदणाची मजुरी रोख मिळते. पण हे कारण लिहिलं तर ते ‘अनपेक्षित’ ठरत नाही. म्हणून मजुरांची टंचाई पावसाच्या नावावर लिहायची. आणि ज्या आठवड्यात काकाजींकडे ‘पावसामुळे काम बंद’ होतं, त्याच आठवड्यात याच ठेकेदाराच्या दुसऱ्या साइटवर, अर्ध्या किलोमीटरवर, आतलं प्लास्टर जोरात चाललं होतं. पाऊस माणूस बघून पडतो, हे मला तेव्हा कळलं.

आता रेती. रेती ‘अचानक’ संपली म्हणे. आपल्या राज्यात 10 जून ते 30 सप्टेंबर नदीपात्रातून रेती काढायला बंदी असते. दरवर्षी. म्हणजे रेती अचानक संपत नाही. ती तारखेनं संपते, दहावीच्या परीक्षेसारखी, आणि तयारी न केलेला दरवर्षी तितकाच चकित होतो. ज्या ठेकेदाराला मार्चमध्ये काम मिळालं आणि सप्टेंबरमध्ये संपवायचं आहे, त्यानं मे महिन्यातच वाहतूक परवान्याची रेती आणून प्लॉटवर ढीग मारायचा असतो, वर ताडपत्री टाकायची असते. काकाजींनी स्लॅबचा हप्ता याच बोलीवर दिला होता. ढीग आलाही होता. पंधरा दिवसांत तो हळूहळू ओसरला. काकाजींना वाटलं पावसानं वाहून गेला. तो वाहून गेला खरा, पण टिप्परमधून, त्या अर्ध्या किलोमीटरवरच्या साइटकडे.

शिवाय नदीची रेती नाही म्हणजे रेतीच नाही, असंही राहिलेलं नाही. दगड फोडून केलेली रेती मिळते. 2025 मध्ये तर राज्य सरकारनं तिच्यासाठी वेगळं धोरण आणलं. विटांच्या जोडाईला ती चालते, प्लास्टरसाठी तिचा बारीक प्रकार घ्यावा लागतो. भाव आणि वाहतूक जमली नाही तर ठेकेदाराचा नफा कमी होतो, एवढंच. नफा कमी होणं ही नैसर्गिक आपत्ती नव्हे, जरी ती पाहताना आपले ठेकेदार तितकेच हवालदिल होत असले तरी.

आम्ही शेजारी म्हणालो, जाऊ द्या काकाजी, उत्तर कशाला देता, बघू काय होतं ते. काकाजींनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही फेरफाराला हरकत घ्यायची मुदत हुकवून आलो आहोत.

मुख्य घोळ इथंच असतो. 1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 55 आहे. त्यातली मेख अशी : वेळेला महत्त्व असलेल्या करारात समोरच्यानं मुदत चुकवली आणि तुम्ही त्याचं उशिराचं काम मुकाट्यानं स्वीकारलंत, तर उशिरामुळे झालेलं नुकसान पुढे मागता येत नाही, काम स्वीकारतानाच ‘मी भरपाई मागणार आहे’ असं कळवलेलं असेल तरच मागता येतं. म्हणजे ठेकेदाराची नोटीस नुसती विनंती नसते. तिला उत्तर न देणं किंवा ‘ठीक आहे, चालेल’ एवढंच लिहून अंगठ्याचं चित्र धाडणं, हे पुढे त्याच्याच कामी येतं. काकाजी भाड्याच्या घरात महिना 6,000 देतात. नव्वद दिवसांचे झाले 18,000. एका अंगठ्यात 18,000 गेले असते.

म्हणून त्यांनी दोन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. ‘गाडी येऊ न शकल्याचे चौदा दिवस मान्य, नवी तारीख 14 ऑक्टोबर. रेतीबाबतचे दिवस अमान्य, कारण करार साहित्यासह आहे आणि बंदीची तारीख करारापूर्वीच सर्वांस ठाऊक होती. 14 ऑक्टोबरनंतरचे काम स्वीकारले तरी घरभाड्याच्या भरपाईचा हक्क राखून ठेवीत आहे. उरलेल्या कामांचे आठवडानिहाय वेळापत्रक सात दिवसांत द्यावे.’ सोबत डायरीच्या पानांच्या झेरॉक्स. पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलं, पोच जपून ठेवली. शेवटी एक ओळ : घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा धरली जाते, आणि जिल्हा ग्राहक आयोग वाशीमलाच आहे, याची नोंद घ्यावी.

चौथ्या दिवशी ठेकेदार स्वतः आला. चहा घेतला. पत्र खिशातच होतं, घडी घालून घालून मऊ झालेलं.

“काकाजी, आभाळ माह्या हातात हाय का?” त्यानं सुरुवात केली.

“आभाळाचे चौदा दिवस देले ना तुले,” काकाजी म्हणाले. “माह्या रेतीचं सांग.”

बराच वेळ तो कपाकडे बघत बसला. मग जे निघालं ते नोटिशीत कुठंच नव्हतं. त्यानं एक सरकारी काम केलं होतं, बिल अडकलेलं. 2025 मध्ये राज्यभरातले ठेकेदार थकीत बिलांसाठी आंदोलनं करत होते, त्यातलाच हाही एक. तिकडचे पैसे येईनात म्हणून इकडच्या हप्त्यातून तिकडच्या मजुरांची देणी भागवली, आणि इकडची रेती तिसरीकडे फिरवली. खरं कारण लिहिलं असतं तर निदान विश्वास बसला असता. पण ‘सरकारनं पैसे दिले नाहीत’ असं लिहायला शिक्का उचलत नाही. पाऊस बरा, तो उत्तर देत नाही.

वेळापत्रक त्यानं तिथंच बसून लिहिलं आणि 14 ऑक्टोबरवर सही केली. उठता उठता दारात घुटमळला.

“काकाजी, ते कलम पंचावन्न का काय ते... त्या सायबाले अस्संच एक पत्र मलेही लिहून देता काय?”