पाचशे पाच टक्के ओला कापूस

खान्देशात ओलाव्याची चौकशी दोनच ठिकाणी होते, विहिरीत आणि कापसात. विहिरीत तो नेहमी कमी भरतो आणि कापसात नेमका जास्त. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलाव्यापोटी कपात नाही. त्यापुढे कपात, आणि बाराच्या वर गाडी परत. म्हणून मीटरची सुई कापसात खुपसली की गाडीवाला श्वास रोखून उभा राहतो.

मी हिशेब बघतो त्या जिनिंगची खरेदी जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे. जळगावचे अप्पा ओलाव्याच्या रकान्यात नुसतं `10` लिहितात. टक्क्याचं चिन्ह त्यांच्या लेखी बँकेच्या व्याजासाठी असतं. धुळ्याचा पोरगा शिकलेला. तो रकाना आधी Percentage करतो, मग 10 टाइप करतो. पडद्यावर `10%` दिसतं, पण एक्सेल पोटात ठेवतं `0.1`.

दोन्ही शीट एकाखाली एक चिकटवल्या. समजा चार पावत्या अप्पांच्या, चार धुळ्याच्या, सगळ्या दहा टक्क्यांच्या. बेरीज चाळीस पूर्णांक चार, भागिले आठ, सरासरी ५.०५. रकाना Percentage असला तर पडद्यावर ५०५%. म्हणजे क्विंटलभर कापसात पाच क्विंटल पाणी! एवढं तर गिरणेलाही मे महिन्यात नसतं. शेठ हसले, मीही हसलो आणि चूक तिथल्या तिथे धरली गेली.

खरा घात साध्या आकड्यात होतो. अप्पांच्या तीस पावत्या आणि धुळ्याच्या दहा घ्या. सरासरी येते ७.५३. किती सोज्वळ आकडा! आठच्या आत, कपात नाही, कुणाला शंका नाही. धुळ्याच्या पावत्या जितक्या वाढवाल तितका कापूस सुकत जातो, आणि त्याला ऊनही लागत नाही. म्हणून मी सरासरीआधी रकान्याचा `MIN` आणि `MAX` बघतो. एकीकडे 0.09, दुसरीकडे 11 दिसलं की समजायचं, दोन गावं एका ताटात जेवतायत.

दोघांना फोन केला. धुळ्याहून उत्तर, "आमनी शीट बराबर शे." अप्पा म्हणाले, "मीटर आमचं चुकत नाही, भो." दोघेही खरं बोलत होते.

ओलाव्यापुरता उपाय सोपा:

```
=IF(B2<1,B2*100,B2)
```

एक टक्क्याच्या आतला कापूस खरेदीला येतच नाही, म्हणून हे चालतं. कचऱ्याच्या रकान्यात मात्र हे सूत्र टाकू नये. तिथे अप्पांचं `0.5` हे खरोखरच अर्धा टक्का असतं. सूत्र त्याचे पन्नास करून टाकेल आणि निम्मी गाडी काडीकचरा ठरेल. तिथे आकड्याकडे बघून अंदाज बांधायचा नाही. शीट कोणत्या गावची ते बघायचं आणि एकट्या धुळ्याच्या ओळींना शंभरने गुणायचं.

शेवटी अप्पांना विनंती केली, की तुम्हीही चिन्ह लावत जा. त्यांनी मनावर घेतलं. भरलेला अख्खा रकाना निवडला, टक्क्याचं बटण दाबलं आणि लगेच फोन केला.

"भो, सगळा माल हजार टक्के ओला दाखवतंय. गाड्या परत पाठवू का?"