जायफळाचा वेढा

झोप लागत नाही, ही गोष्ट चारचौघांत बोलू नये. रक्तदाब वाढलाय म्हटलं तर लोक डॉक्टरांचं नाव सुचवतात, गुडघे दुखतात म्हटलं तर स्वतःचे गुडघे दाखवतात. पण झोपेचं नाव काढलं की प्रत्येकाच्या अंगात धन्वंतरी संचारतो. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळात मी हे एकदा बोललो आणि बागेची चक्कर पूर्ण व्हायच्या आत माझ्याकडे खसखस, गूळ, अश्वगंधा, पिंपळमूळ आणि तळपायाला तूप एवढी सामग्री जमली. मात्र दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत होतं: कोमट दूध आणि जायफळ.

दुधाशी माझं लहानपणापासून वैर आहे. मी चहाचा माणूस. पण आयुर्वेदाचे दोन वर्ग केलेल्या एका मित्राने चरकसंहिता काढली. तिच्या सूत्रस्थानात कोणत्या कामाला कोणती वस्तू श्रेष्ठ अशी एक लांबलचक यादी आहे, आणि झोप आणणाऱ्या वस्तूंत तिथे पहिला मान म्हशीच्या दुधाला दिलाय. चरकापुढे मी कोण? त्याच संध्याकाळी म्हशीचं दूध आणलं, साय न काढता पेलाभर प्यायलो आणि आडवा झालो. पोटात जे गुडगुडायला लागलं, ते ऐकून शेजारच्या पलंगावरून “अहो, पंप चालू राहिलाय का?” अशी विचारणा झाली. मग दोन वेळा उठणं झालं, ते वेगळंच.

चिडून मी दुधाच्या शास्त्राच्या मागे लागलो. दूध झोप आणतं याचं कारण म्हणून जिथे तिथे ट्रिप्टोफॅनचं नाव घेतलं जातं. हे एक अमिनो आम्ल. त्यापासून मेंदूत सेरोटोनिन आणि पुढे मेलॅटोनिन तयार होतं, इथपर्यंत खरं आहे. पण पेलाभर, म्हणजे 200 मिलीलिटर दुधात ते साधारण 80 ते 100 मिलिग्रॅम असतं, आणि ज्या प्रयोगांत ट्रिप्टोफॅन घेतल्यावर झोप लवकर लागल्याचं दिसलं, त्यांत ते एक ग्रॅमच्या आसपास दिलेलं होतं. हिशेब केला तर एका रात्रीला दहा-बारा पेले दूध होतं. एवढं प्यायल्यावर माणूस झोपेल, पण न्हाणीघराच्या उंबरठ्यावर. बरं, एवढ्याने भागत नाही. रक्तातून मेंदूत शिरायचं दार या जातीच्या सगळ्या अमिनो आम्लांना एकच. दुधातल्या प्रथिनांबरोबर इतर मंडळी ढिगाने येतात आणि बसच्या दारात धक्काबुक्की व्हावी तशी तिथे गर्दी होते. त्यात बिचारं ट्रिप्टोफॅन खालीच राहतं. दुधात मेलॅटोनिनही असतं म्हणतात. असतं, पण औषधाच्या गोळीत असतं त्याच्या लाखाव्या हिश्श्याएवढंसुद्धा पेल्यात भरत नाही.

दूध असं हिशेबात बाद झाल्यावर माझी सगळी भिस्त जायफळावर आली. गावी मावशीला फोन केला. तिने आमच्या घरातली चार पोरं वाढवली, त्यांतला एक मी. ती म्हणाली, “सहाणेवर दोन वेढे दे आणि दुधात घाल. जास्त नको हो.” आता सहाण आमच्याकडे कुठली? घर बदलताना ‘हा दगड कशाला’ म्हणून मीच ती देऊन टाकली होती. मी किसणी घेतली. दोन वेढे म्हणजे किती हे माहीत नव्हतं, म्हणून चमचाभर किसलं. कोमट दुधात ढवळलं, दहाच्या सुमारास प्यायलो आणि डोळे मिटून वाट पाहत पडलो. साडेअकरा वाजले तरी डोळे टक्क उघडे. माझा स्वभाव असा, की लिफ्ट आली नाही तर मी बटण पुन्हा पुन्हा दाबतो. उठलो, किसणीवर बोटाची साल जाईपर्यंत उरलेलं जायफळ किसलं आणि तेही पोटात ढकललं.

यात काय चुकतं ते जायफळाच्या गुणधर्मात आहे. त्यातल्या मिरिस्टिसिन आणि तशाच तैलद्रव्यांचा परिणाम झोपेच्या गोळीसारखा अर्ध्या तासात दिसत नाही. तो यायला तीन-चार तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर माणसाला वाटतं, मात्रा कमी पडली. अख्खं जायफळ पाच-सहा ग्रॅमचं असतं, आणि विषबाधेच्या नोंदी साधारण पाच ग्रॅमपासून सुरू होतात, काही तर त्याहूनही कमी मात्रेच्या आहेत. रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली असं म्हणवत नाही, कारण झोप लागलीच नव्हती. पण तोंड इतकं कोरडं पडलं होतं, की जीभ टाळूला चिकटून शब्द फुटेना. छातीत धडधड, चेहरा लालबुंद, पोटात ढवळतंय आणि पंखा हळूहळू खाली येतोय अशी माझी खात्री. मी पत्नीला गंभीरपणे सांगितलं, “पंख्याला सांग, मी अजून जागा आहे.” तिने पंख्याला काही सांगितलं नाही, रिक्षा बोलावली.

दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी नाडी पाहिली, ईसीजी काढला आणि विचारलं, “काका, काय घेतलंय?” मी म्हटलं, “जायफळ.” त्यांनी माझ्याकडे नाही, पत्नीकडे पाहिलं. तिने मान हलवली. यावर उतारा नाही, लक्ष ठेवायचं, पाणी द्यायचं आणि उतरायची वाट पाहायची, असं सांगून त्यांनी मला सकाळपर्यंत ठेवून घेतलं. गरोदर बाई असती किंवा तुम्ही आधीच झोपेची वा मनाच्या आजाराची औषधं घेत असता, तर हे प्रकरण आणखी अवघड झालं असतं, असंही त्यांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी मात्र मी दिवसभर झोपलो. तेवढ्यापुरता प्रयोग यशस्वी म्हणावा लागेल.

माझ्या आधी हा मान एका मोठ्या माणसाने मिळवलाय. लहान मेंदूतल्या ज्या पेशींना पुर्किंजे यांचं नाव आहे, त्या चेक शास्त्रज्ञ पुर्किंजे यांनी 1829 मध्ये तीन जायफळं खाऊन स्वतःवरच परीक्षण केलं. त्यांनाही गुंगी आली, स्वप्न आणि जाग यांची सरमिसळ झाली. फरक इतकाच, की त्यांनी ते शांतपणे टिपून ठेवलं आणि मी पंख्याशी बोलत बसलो. पण ती गुंगी म्हणजे झोप नव्हे, विषाची झिंग होती. चिमूटभर जायफळाने माणसाला झोप लागते का, याचा पुरावा शोधायला गेलं तर हाती लागतात मुख्यतः उंदरांवरचे आणि कोंबडीच्या पिलांवरचे प्रयोग. 1978 मध्ये जायफळाच्या तेलाने पिलांची झोप लांबल्याचं दिसलं होतं. पण त्या पिलांना आधी अल्कोहोल दिलेलं होतं.

खरं तर पुरावा आपल्या घरातच आहे, पाहायची तयारी हवी. कोजागरीला आपण मसाला दूध करतो, त्यात जायफळ किसून घालतो, आणि ते पितो कशासाठी, तर मध्यरात्रीपर्यंत जागायला! पाहुण्यांना दुपारी जायफळाची कॉफी देतो, तेव्हा कुणी सोफ्यावर लवंडत नाही. पुरणपोळीनंतर जी गुंगी येते तिचं श्रेय जायफळाला देण्याआधी, आपण किती पोळ्या आणि त्यांवर किती तूप हाणलं, हे आठवावं.

आजारपणाची बातमी ऐकून मावशी पुढच्याच गाडीने आली, पिशवीत सहाण घेऊन. मी मुलीचा केक करायचा वजनकाटा काढला. त्याच पाकिटातलं दुसरं जायफळ सहा ग्रॅम भरलं. मावशीने सहाणेवर पाण्याचा थेंब टाकला, जायफळ चिमटीत धरलं आणि दगडावर सावकाश गोल फिरवलं. एका वेढ्याला दगडावर जेमतेम तपकिरी डाग उमटतो. दहा वेढे झाल्यावर जायफळ पुसून, वाळवून पुन्हा ठेवलं, तेव्हा काट्यावर 0.1 ग्रॅम कमी झाले. म्हणजे तिच्या दोन वेढ्यांत साधारण 20 मिलिग्रॅम आणि माझ्या पेल्यांत त्याच्या अडीचशे-तीनशे पट. सहाणेवर जास्त मात्रा द्यायची म्हटलं तरी मनगट आधी दुखतं, हे तिचं खरं मोल. किसणीला मनगटाची दया नाही.

मी मावशीला म्हटलं, “पण आम्ही लहानपणी गुटीने झोपायचो ना?” ती हसली. “अरे, गुटीतलं जायफळ पोट दुखू नये, हगवण लागू नये म्हणून. झोपायचास ते मी रोज त्याच वेळेला दिवा बारीक करून थोपटायचे म्हणून.” गुटीबद्दल आताचे बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नको म्हणतात, आणि मावशीलाही ते पटलंय. पण ‘रोज त्याच वेळेला’ हे तिचं म्हणणं मात्र पटण्यासारखं निघालं. एडिंबरात 1972 साली माल्टची पूड घातलेलं गरम दूध रात्री देऊन झोप मोजली, तेव्हा वयस्क मंडळींची झोप रात्रीच्या उत्तरार्धात कमी मोडली. पुढे 1980 मध्ये तिथल्याच कर्स्टीन अ‍ॅडम यांना आढळलं, की झोपण्यापूर्वी काही खायची ज्यांची सवय आहे त्यांना असं पेय मानवतं, आणि ज्यांना ती सवय नाही त्यांची झोप काहीही न घेता जास्त चांगली होते. म्हणजे दूध सवयीच्या माणसाला पावतं. पन्नास वर्षं चहा पिणाऱ्याने एका रात्रीत म्हशीकडून वरदान मागू नये.

मावशी जाईपर्यंत रोज साडेदहाला माझे तळपाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून, तूप लावून काशाची वाटी फिरवत होती. त्यात काशाचा वाटा किती, सांगता येत नाही. उबेचा मात्र आहे. पावलं गरम असली की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीर आतली उष्णता बाहेर टाकतं आणि डोळा लवकर लागतो, असं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी 1999 मध्ये ‘नेचर’मध्ये छापलंय. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने हाच त्रास राहिला तर स्वयंपाकघर सोडायचं आणि झोपेच्या सवयी बदलायला शिकवणारी, गोळ्यांविना होणारी वर्तनोपचाराची पद्धत जाणणाऱ्या तज्ज्ञाकडे जायचं, हे डॉक्टरांनी निघताना सांगितलंच होतं.

सध्या चारनंतरचा चहा बंद आहे, उठायची वेळ पक्की आहे आणि पाय मी स्वतःच शेकतो. फिरायच्या मंडळात परवा एकाने सहज विचारलं, “काय, लागते का झोप?” मी ताबडतोब म्हणालो, “उत्तम!” त्या दिवशी ती लागली नव्हती, पण पिंपळमुळाचा डबा त्याच्या हातात मला दिसला होता.