जरा आटोपशीर करा

मुंबईच्या जुन्या गृहनिर्माण संस्थांमध्ये हे गृहस्थ हमखास भेटतात आणि बहुधा अध्यक्ष असतात. इमारतीने तिशी ओलांडली की उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. त्याचा चाळीस पानी अहवाल हाती आला की ते तो वाचत नाहीत, तळहातावर तोलतात. मग सेक्रेटरीकडे सरकवून म्हणतात, "जरा आटोपशीर करा." किती पानांत? "तुम्ही बघा ना." कोणासाठी? "सगळ्यांसाठीच." सेक्रेटरी रात्र जागवून चाळिसाची बारा पानं करतो, तर "अजून मोठंच वाटतंय", दोन करतो, तर "यात काहीच नाही हो!" साहेबांच्या मनात कुठलाही आकडा नसतो, त्यामुळे प्रत्येक आकडा चुकतो.

म्हणून पानांचा प्रश्न आधी विचारूच नये. आधी विचारावं, हे वाचून कोण काय ठरवणार आहे? सर्वसाधारण सभेतल्या सभासदाला इमारत कोणत्या वर्गात आली, घर सोडावं लागेल का आणि माझ्या वाट्याला किती येणार, एवढंच हवं असतं. ते एका पानात मावतं. कंत्राटदाराला मात्र कोणत्या खांबाला किती तडे, हा तक्ता ओळ न् ओळ लागतो. दुसरा प्रश्न, काय गाळायचं नाही? समजा, अहवालात लिहिलंय: 'इमारत सी-२बी वर्गात, रिकामी न करता दुरुस्ती करता येईल, मात्र तळमजल्याच्या खांबांचं प्लास्टर काढण्याआधी टेकू द्यावेत.' आटोपशीर करताना 'मात्र'पासून पुढचं उडतं, कारण ते शेपटासारखं दिसतं. उरतं ते 'रिकामी करायची गरज नाही'. सभासद टाळ्या वाजवतात आणि टेकूंचा खर्च 'कशाला उगाच' म्हणून अंदाजपत्रकातून जातो. वाक्य अर्ध्यावर आलं, धोका होता तेवढाच राहिला. तिसरा प्रश्न, हा सारांश मूळ अहवालाला जोडायचा की त्याच्या जागी फिरवायचा? जोडायचा असेल तर हात मोकळा सोडता येतो. जागा घेणार असेल तर एकही अट सोडता येत नाही.

कोणी म्हणेल, एवढी उलटतपासणी म्हणजे काम टाळणं. शहाण्या माणसाला इशारा पुरे. पाणीकपातीच्या सूचनेपुरतं ते खरं. तिथे विचारत बसण्यापेक्षा सरळ चार ओळी कराव्यात आणि 'फलकासाठी समजून केलंय' असं सांगून मोकळं व्हावं; चुकलं तर दहा मिनिटं वाया. अध्यक्षांना प्रश्नांचा राग येतो हेही खरंच, कारण उत्तर द्यायचं तर अहवाल उघडावा लागतो. त्यांना तो त्रास न देता 'सभेत कशावर हात वर करायचे आहेत?' एवढंच विचारावं. याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं आणि त्यातून बाकीचं बरंचसं सुटतं. कंत्राटदाराची प्रत तेवढी त्यांच्या नजरेआड ठेवावी. तिचीही त्यांनी काटछाट केली, तर कोणते खांब दुरुस्त करायचे हे कंत्राटदारच ठरवील, आणि त्याचं बिल काही आटोपशीर नसतं.