बदकाची आंघोळ

टोरांटोला लेकीकडे, चिऊकडे, गेलं की मला दोनच कामं असतात. खिडकीतून बर्फ बघायचा आणि कशालाही हात लावायचा नाही. पहिलं काम मला उत्तम जमतं. दुसऱ्यात मी जानेवारीतल्या एका मंगळवारी नापास झालो.

झालं असं, की चिऊचं ते फुगलेलं डाऊन जॅकेट खुर्चीच्या पाठीवर होतं आणि माझ्या हातात आमटीचं भांडं होतं. पुढचं सांगत नाही. चिऊ दुसरा कोट घालून ऑफिसला गेली होती. ‘‘अहो, राहू द्या, ती आली की बघेल,’’ असं आतून ऐकू आलं. पण साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने डागाला भ्यायचं म्हणजे काय! मी जॅकेट उचललं, इमारतीच्या तळघरातल्या धुलाईखोलीत गेलो आणि मशीनमध्ये टाकलं. पावडर सढळ हाताने घातली. डाग जबर होता ना!

तासाभराने मशीनमधून जे निघालं त्याला जॅकेट म्हणवेना. सगळी फूग गेलेली, प्रत्येक कप्प्याच्या तळाशी ओल्या पोह्यांसारखा एकेक गोळा, आणि वास… लहानपणी पावसात भिजलेली कोंबडी स्वयंपाकघरात शिरायची, तसा. जड इतकं की एका बाहीला धरून उचलायला गेलो तर आतली शिवण करकरली. (ओलं जॅकेट खालून दोन्ही हातांनी, बाळासारखं उचलायचं असतं. पाण्याच्या भाराने आतले पडदे फाटतात. हे मला नंतर कळलं.)

तरी मी डगमगलो नाही. हीटरच्या वर हँगरला लटकवलं. तीन तासांनी हात फिरवला तर खडखडीत कोरडं! कपाटात ठेवून दिलं आणि विषय संपला असं समजून झोपलो.

विषय शुक्रवारी निघाला. बाहेर उणे चौदा होतं. चिऊ ते जॅकेट घालून गेली आणि दहा मिनिटांत परत आली. ‘‘बाबा, तुम्ही माझं जॅकेट धुतलंत?’’ मी म्हटलं, ‘‘का गं, स्वच्छ वाटतंय का?’’ ती म्हणाली, ‘‘स्वच्छ नाही, पातळ वाटतंय. खांद्यावर वारा लागतोय आणि कुबट वास येतोय.’’

मग तिने मला आत काय असतं ते दाखवलं. शिवणीतून एक लव बाहेर आली होती, ती चिमटीत धरली. ती नेहमीच्या पिसासारखी नव्हतीच. पिसाला मधोमध काडी असते, हिला काडीच नाही. एका बिंदूतून चहूकडे फुटलेले शेकडो मऊ तंतू, म्हाताऱ्या उडतात ना रुईच्या, तसे. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवर, बाहेरच्या पिसांच्या खाली ही लव असते. प्रत्येक लव आपले हातपाय पसरून बसते आणि मधल्या फटींमध्ये हवा कोंडून ठेवते. ऊब ती कोंडलेल्या हवेची. लव फक्त जागा धरून ठेवते, आपल्या एसटीतल्या रुमालासारखी.

आता तिला भिजवा. रंगाचा कुंचला पाण्यातून काढला की केस कसे एकमेकांना चिकटून टोक होतं? तसंच. पाणी तंतूंना एकमेकांकडे ओढतं, लव मिटते, शेजारची तिला चिकटते आणि गोळा होतो. गोळ्याच्या बाहेरचं पाणी आधी उडतं, पोटातलं तसंच राहतं. त्यातून जॅकेटचं कापड इतकं घट्ट विणलेलं असतं की लव बाहेर पडू नये. मग वाफ तरी लवकर कशी पडणार? कापड स्वतः मात्र तासाभरात वाळतं आणि माझ्यासारख्याला फसवतं. मी हात फिरवला होता तो नायलॉनवरून. आत गोळे ओलेच होते, आणि ओले गोळे कपाटात तीन दिवस ठेवले की वास येणारच. शिवाय लटकवून वाळवलं तर गोळा सुटायला त्याला हलवणारं कोणीच नसतं.

पावडरीचा गुन्हा वेगळा. डाग खाणाऱ्या पावडरींमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. आमटीतली डाळ प्रथिनांची आणि बदकाची लवही प्रथिनांचीच. पावडरीने पंगतीत भेदभाव केला नाही. वर फेस पूर्ण निघाला नाही, आणि साबणाचा अंश राहिला की लव पुन्हा नीट फुलत नाही.

म्हणून शनिवारी सगळं पहिल्यापासून. चेन लावली. लवेसाठी मिळतो तो साबण, तोही थोडासा. समोरून उघडणारं मशीन, नाजूक कपड्यांची धुलाई, कोमट पाणी. मग साबण न घालता दोनदा नुसतं खळबळणं आणि शेवटी एकदा जास्तीचं पिळणं. मग ड्रायर, अगदी मंद आचेवर, कारण तापला तर नायलॉन वितळतो. आणि चिऊने पिशवीतून तीन टेनिसचे चेंडू काढले.

आम्ही सांगलीकर टेनिसचे चेंडू गल्लीतल्या क्रिकेटसाठी ओळखतो. इथे ते जॅकेटबरोबर ड्रायरमध्ये गेले आणि तळघरात धबाधब सुरू झालं. तो आवाज ऐकता ऐकता मला एकदम आमच्या आळीत येणारा पिंजारी आठवला. गादीतला कापूस बसला की तो पिंजणाची तात टणत्कारत यायचा आणि दिवसभरात गोळ्यांचा ढग करून जायचा. चेंडू तेच करत होते. गोळ्याला बडवायचं, फोडायचं, पोटातलं ओलं बाहेर आणायचं, की गरम हवा तिथे पोचते.

पण संपलं कधी हे कसं कळणार? हातावर माझा विश्वास उरला नव्हता. कारखान्यात चिपाडातली ओल काढताना आम्ही ते वाळवायचो, तोलायचो, पुन्हा वाळवायचो, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबायचो. मी वर गेलो आणि सामान तोलायचा आकड्याचा काटा घेऊन आलो. विमानात जादा चटणी पकडली जाऊ नये म्हणून घेतलेला तो काटा, शेवटी विज्ञानाच्या कामी आला.

पिळल्यावर जॅकेट पिशवीत घालून भरलं एक किलो ६८० ग्रॅम. पहिल्या तासाने एक किलो २१०. कापड तेव्हाच कोरडं लागत होतं, म्हणजे माझा मंगळवार इथेच संपला असता. दर अर्ध्या तासाने बाहेर काढायचं, गोळे बोटांनी हलके सोडवायचे, पुन्हा आत. खिडकीपाशी उजेडावर धरलं की उरलेले गोळे काळ्या ढगांसारखे दिसायचे. एक किलो ६०. मग ९८०. बायकोने खाली निरोप पाठवला की जेवण गार होतंय. ९५०. मग ९४०. धुलाईखोलीत आलेल्या एका आजोबांनी माझ्याकडे, काट्याकडे आणि चेंडूंकडे पाहिलं आणि आपले मोजे घेऊन निमूट निघून गेले. पुन्हा अर्धा तास. पुन्हा ९४०.

चार तास लागले. जॅकेट फुगलं, बदक गेलं, वासही गेला. एका बाहीत मात्र दोन-तीन गाठी राहिल्या आहेत. ती पावडरीची करामत असावी, असं चिऊ मोठ्या मनाने म्हणते. परवा तिने आपली डबल बेडची पिसांची दुलई माझ्यापुढे आणून टाकली. ती तळघरातल्या मशीनमध्ये मावतही नाही. मोठ्या मशीनच्या लाँड्रीत न्यावी लागेल, आणि चेंडू सहा लागतील.

तुमच्याकडे असं जॅकेट असेल तर एवढंच करा: आजच, कोरडं असताना, त्याचं वजन करून चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मी ते केलं नव्हतं, म्हणून माझा शेवटचा अर्धा तास जास्तीचा गेला.