पन्नास लाखांचा मथळा

मराठीत पैशांवर पॉडकास्ट करणारी मंडळी आत फार सभ्य असतात. तास-दीड तास शांतपणे बोलतात. आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, मग मुदतीचा विमा घ्या, क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरा, घाई करू नका. आपल्या आजोबांनी सांगितलं असतं तेच, फक्त माइकसमोर. पण या सभ्य घराच्या दारावरची पाटी वाचली की धडकी भरते. ‘ही एक चूक तुम्हाला कधीच श्रीमंत होऊ देणार नाही!’ ‘बँक तुम्हाला हे कधीच सांगणार नाही!’ माझं सगळं आयुष्य बँकेच्या खिडकीमागं गेलं. आम्ही काय सांगत नव्हतो, ते मलाही अशा पाट्यांवरूनच कळतं.

या पाट्या कोण लिहितं, हा प्रश्न मला पडण्याचं कारण नव्हतं, कारण एक लिहिणारा आमच्याच माडीवर बसतो. पुतण्या. इथं शेंदूरजनाघाटात बसून तो पुण्याच्या एका पॉडकास्टसाठी मथळे, कॅप्शन आणि रील कापण्याचं काम करतो. खाली अंगणात संत्र्याच्या कलमांच्या पिशव्या, वर माडीवर चक्रवाढ व्याज. नवा भाग गुरुवारी असला की बुधवारी रात्री तो जिन्यावरून ओरडतो, “काका, याच्यातलं कोनतं बरं वाटते?” आणि मी चष्मा शोधतो.

काम वाटतं तितकं सोपं नाही. यूट्यूबवर शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती अक्षरं यंत्र मोजतं, आपण नाही. प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण यंत्र वेगळी धरतं. ‘शेंदूरजनाघाट’ आपण सात अक्षरांत म्हणतो, यंत्राच्या हिशेबी ती बारा होतात. त्यात मोबाइलवर दोन ओळींपलीकडचा मजकूर दिसतच नाही. म्हणून महत्त्वाचं ते आधी, आणि महत्त्वाचं म्हणजे आकडा. पुतण्याचं म्हणणं असं, की लोक बोटानं पडदा सरकवत असताना फक्त आकड्यापाशी थांबतात. हे त्याला कुणी शिकवलं नाही, पडद्यामागं आलेख दिसतो त्याला.

एका बुधवारी मथळा होता: ‘फक्त ५ हजारांत ५० लाख!’

मी म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, खोटं नाही, पाहुण्यानं हिशेब करून दाखवलाय. कागद घेतला, मीही केला. दरमहा पाच हजारांची एसआयपी, वीस वर्षं, वर्षाला बारा टक्के परतावा धरला, तर शेवटी ४९ लाख ९५ हजारांच्या वर रक्कम येते. हिशेब बरोबर. मग खोटं कुठं आहे? ‘फक्त’मध्ये आहे. पाच हजार एकदा नाही, दोनशे चाळीस वेळा भरायचे आहेत, म्हणजे खिशातून गेले बारा लाख. दुसरं, बारा टक्के कुणी लिहून दिलेले नाहीत, ते धरलेले आहेत. बाराऐवजी आठ धरले तर तीच एसआयपी वीस वर्षांनी तीस लाखांच्याही जरा अलीकडंच थांबते. आणि तिसरं म्हणजे महागाई. ती वर्षाला सहा टक्के धरली, तर वीस वर्षांनंतरच्या पन्नास लाखांत आज साडेपंधरा लाखांत येतं तेवढंच येईल. साडेपंधरा लाखही वाईट नाहीत. पण त्यांच्यापुढं उद्गारचिन्ह शोभत नाही, ही मथळेवाल्यांची खरी अडचण.

हे सगळं शेजारी बसून ऐकणाऱ्या आमच्या एका बागायतदार मित्राला पन्नास लाखांचं काहीच वाटलं नाही. तो अडकला बारा टक्क्यांवर. “दरवर्षी बारा टक्के? आमच्या झाडाले तं दरवर्षी फळ बी येत नाई बाप्पा!” त्याला हसू आवरेना. आंबिया फुटला तर मृग रुसतो, दोन्ही आले तर भाव पडतो, हे पाहत तो म्हातारा झाला. दरसाल सरळ चढत जाणारी रेघ त्यानं कधी पाहिलेली नाही. आणि मजा अशी, की शेअर बाजारानंही पाहिलेली नाही. २००८ या एका वर्षात निफ्टी निम्म्याहून खाली आला होता. बारा टक्के ही लांब पल्ल्याची सरासरी, आणि सरासरीत वाईट वर्षं दिसत नाहीत. मथळ्याचं काम कॅरेट भरणाऱ्यासारखं चालतं: टपोरी फळं वरच्या थराला, बारीक खाली.

पण माझं खरं भांडण मथळ्याशी नाही, कापलेल्या रीलशी आहे. मूळ भागात तो पाहुणा, चांगला अभ्यासू माणूस, म्हणाला होता, “पाच हजारांचे पन्नास लाख होऊ शकतात, पण...” आणि पुढं दोन मिनिटं त्यानं वर्षं, टक्केवारी, मधल्या पडझडीत एसआयपी बंद न करणं, सगळं नीट समजावलं होतं. पुतण्याच्या रीलमध्ये कात्री ‘पण’च्या अलीकडं चालली. पाहुण्याच्या तोंडून निघालेला एकही शब्द खोटा नाही, आणि तरी तो जे बोलला नाही तेच गावभर फिरलं. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ते तीस सेकंद किती जणांनी ठेवले! पूर्ण भाग ऐकल्याचं मला त्यातल्या एकानंही सांगितलं नाही. कापलेली रील ओळखायची खूण सोपी आहे. बोलणाऱ्याचं तोंड शेवटच्या शब्दाला उघडंच राहिलेलं असतं.

नियम नाहीत असं नाही. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ‘अ‍ॅस्की’नं ऑगस्ट २०२३मध्ये सांगितलं, की समाजमाध्यमांवर गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी हवी आणि तो नोंदणी क्रमांक दाखवायला हवा. पुढच्या वर्षी सेबीनं दलाल, फंड वगैरे नोंदणीकृत मंडळींना बिनानोंदणीच्या सल्लागारांशी संबंध ठेवायला बंदी केली. मग ‘आम्ही सल्ला देत नाही, फक्त शिकवतो’ असं म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांच्यासाठी २९ जानेवारी २०२५चं परिपत्रक आलं: शिकवायचं असेल तर शिकवा, पण एखाद्या शेअरचं नाव घेताना मागच्या तीन महिन्यांतला भाव वापरायचा नाही. अंकुश चांगला आहे. मात्र आमच्या मथळ्याला त्यातलं काहीच लागत नाही. त्यात ना शेअरचं नाव, ना भाव, ना सल्ला. पुतण्यानं शेवटी उद्गारचिन्ह काढून प्रश्नचिन्ह टाकलं, ‘५ हजारांत ५० लाख?’ आणि माझ्याकडं विजयी नजरेनं पाहिलं. आता ते विधानही नाही. प्रश्न विचारायला कुणाची बंदी आहे?

मी त्याला वेगळा मथळा लिहून दिला. ‘दरमहा ५ हजार, २० वर्षं, १२% धरले तर ५० लाख’. त्यानं मोजून पाहिला. यंत्राच्या हिशेबानं, मोकळ्या जागा धरून, बेचाळीस. शंभराच्या निम्मेही नाहीत. म्हणजे जागा पुरत नाही म्हणून अटी गाळल्या, ही सबब गेली. “पन काका, हे कोनी दाबनार नाई,” तो म्हणाला. ते मात्र खरं असावं.

मग आम्ही दोघं दुसऱ्याच वाटेला लागलो. पुण्याच्या पाहुण्याचं सगळं गणित पगारदाराचं आहे. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. आमच्याकडं पैसा बगीचा विकला की येतो. व्यापारी इसार देतो, उरलेले तोडणीच्या वेळी. मधले महिने खातं कोरडं. अशा खात्यावर मासिक एसआयपी लावली की पावसाळ्यात हप्ता परत जातो, बँक दंड कापते, आणि मासिक हप्ता सलग तीनदा चुकला की एसआयपी आपोआप बंद होते. मला खिडकीतून हे दिसायचं. माणूस मथळ्यावर विश्वास ठेवून सुरू करायचा आणि दंडाच्या पावत्या घेऊन बाहेर पडायचा. यावर उपाय आहे, आणि तो त्याच पॉडकास्टच्या जुन्या भागात कुठंतरी एका वाक्यात येऊन गेला होता: बागेचे पैसे आले की एकरकमी लिक्विड फंडात टाकायचे आणि तिथून दरमहा ठरलेली रक्कम शेअरच्या फंडाकडं वळवायची. याला एसटीपी म्हणतात. हप्ता बँक खात्यातून जातच नाही, त्यामुळं कोरड्या महिन्यात तो परत जायचाही प्रश्न नाही. यावर पुतण्यानं लिहिलं: ‘बगीचा वर्षातून एकदा विकतो, मग दर महिन्याची एसआयपी कशी भरायची?’ उद्गारचिन्ह नाही, भीती नाही. पण वरूड-मोर्शीतला माणूस याच्यापाशी थांबेल, असं मला वाटलं.

दुसरा मथळा अंगणानंच दिला. इथल्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलमा तयार होतात आणि दूरदूर जातात. या कमाईवर आयकर लागतो का, यावर पारावर जितकी तोंडं तितकी मतं असतात. २००८च्या वित्त कायद्यानं हा घोळ मिटवला: रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न शेतीचंच उत्पन्न धरायचं. पुतण्यानं लगेच ‘कलमा विका, टॅक्स शून्य!’ असं टंकलं. मी म्हटलं, थांब. कायदा ‘वाढवलेल्या’ म्हणतो. दुसऱ्याच्या कलमा विकत घेऊन पुढं विकल्या, तर तो व्यापार झाला, त्याला ही सूट नाही. इथं अट म्हणजे एकच शब्द आहे. ‘स्वतः वाढवलेल्या कलमांवर टॅक्स नाही. विकत घेतलेल्यांवर?’ झाला मथळा. खरा आहे, आणि खोचकही.

हे दोन्ही मथळे पुण्याला पाठवले. तिकडून उत्तर आलं, छान आहेत, पण फार ‘लोकल’ आहेत. पन्नास लाख प्रश्नचिन्हासकट गुरुवारी गेले. पुतण्याला त्याचे पैसे मिळाले, आणि ते मात्र वेळेवर मिळतात, हे कबूल करायला हवं.

तेव्हा वाचकहो, आकडा असलेला मथळा दिसला तर त्याच्याआधी दोन गोष्टी शोधा: किती वर्षं आणि किती टक्के धरले. मथळ्यात नसतील तर खालच्या कॅप्शनमध्ये पाहा, तिथं नसतील तर पूर्ण भाग लावा. आत त्या बहुतेक असतातच. आणि रील ‘पण’वर तुटली असेल, तर ती स्टेटसला ठेवू नका. मूळ भागच पाठवा.